पोझ घ्या, ताठरपणा नको: कंट्रोलनेट कितव्या स्टेपला सोडायचं?

पोझ मॅप वापरून केलेल्या चित्रातला माणूस कवायतीला उभा केल्यासारखा दिसतोय? मग लगेच प्रॉम्प्ट बदलू नका, नवं मॉडेल उतरवून घेऊ नका. आधी एक आकडा बदला. ऑटोमॅटिक११११ मध्ये त्याचं नाव `Ending Control Step`. कम्फीयूआयमध्ये `end_percent`. पायथॉनमधून डिफ्यूझर्स वापरत असाल तर `control_guidance_end`. तिन्हीकडे तो मुळात १ वर असतो, म्हणजे पोझ मॅप पहिल्या स्टेपपासून शेवटच्या स्टेपपर्यंत चित्र सोडत नाही. तो ०.६ करा, सीड तोच ठेवा, पुन्हा चालवा.

अनेकांचं काम एवढ्यात होईल. ज्यांचं होणार नाही, त्यांनी पुढे वाचा. हा आकडा बदलायला पैसे लागत नाहीत, पण तो चुकीच्या जागी किंवा चुकीच्या जोडीने बदलला तर तास वाया जातात. भाड्याच्या जीपीयूवर काम करत असाल तर प्रत्येक तासाचं बिलही येतं.

सुरू करण्याआधी काय हवं

स्टेबल डिफ्यूजन १.५ वर काम करत असाल तर पोझसाठी `control_v11p_sd15_openpose` हे मॉडेल लागतं. मूळ फाइल साधारण दीड जीबीची आहे. अर्ध्या अचूकतेची, म्हणजे नावात `fp16` असलेली आवृत्ती जवळपास निम्म्या आकाराची असते आणि घरच्या कामाला पुरते. एसडीएक्सएलवर ही फाइल चालत नाही, त्यासाठी वेगळं पोझ मॉडेल घ्यावं लागतं. हे सगळं फुकट आहे. या फाइली कुणी पैसे घेऊन ‘पॅक’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

पोझ मॅप म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेघांचा सांगाडा. साध्या `openpose` मध्ये नाक, मान, डोळे, कान, खांदे, कोपर, मनगटं, कंबर, गुडघे आणि घोटे असे १८ बिंदू असतात. बोटं नसतात, ती हवी असतील तर `openpose_hand` किंवा `openpose_full` निवडा. फोटोवरून सांगाडा काढताना आधी `Allow Preview` लावून तो डोळ्यांनी तपासा. एखादं कोपर सापडलं नसेल तर पुढचा कुठलाही आकडा ते परत आणणार नाही. आणि सांगाडा आधीच तयार असेल तर प्रीप्रोसेसर `none` ठेवा. सांगाड्यावर पुन्हा प्रीप्रोसेसर चालवला की त्याला त्यात माणूस सापडत नाही, कोरा काळा मॅप मिळतो आणि तुम्ही मात्र ‘पोझ लागत का नाही’ म्हणून आकडे हलवत बसता.

संदर्भाचा फोटो काढताना माणसाला अंगाबरोबरचे कपडे घालायला सांगा. साडी किंवा सैल पायजम्यात गुडघे झाकले जातात. मग प्रीप्रोसेसर गुडघ्याची जागा अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. साडी चित्रात आणायची आहे, फोटोत ती असायची गरज नाही.

आकडा नेमकं काय करतो

चित्र नॉइजमधून हळूहळू साफ होत येतं. पहिल्या स्टेपमध्ये ठोकळ मांडणी ठरते: माणूस कुठे, किती मोठा, हात वर की खाली. मधल्या स्टेपमध्ये अवयवांच्या आणि कपड्यांच्या कडा बसतात. शेवटच्या स्टेपमध्ये पोत येतो: विणकाम, केस, चेहऱ्यावरचा उजेड.

कंट्रोलनेट प्रत्येक स्टेपला पोझ मॅप पुन्हा वाचतं आणि मूळ मॉडेलच्या आतल्या थरांत आपली भर घालतं. पोझ मॅपकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असते: सांधे कुठे आहेत. मांडणी ठरत असताना हीच माहिती हवी असते. पण पदराच्या चुण्या काढायची वेळ येते तेव्हाही तो तेच सांगत राहतो: इथे गुडघा, इथे कोपर. मग कापड अवयवाला चिकटतं. खांदे एका रेषेत येतात. फोटोतल्या माणसाच्या खांद्यांची रुंदी आणि पायांची लांबी चित्रातल्या माणसावर जशीच्या तशी लादली जाते, मग तुम्ही प्रॉम्प्टमध्ये आजी लिहा किंवा दहा वर्षांची मुलगी. ताठरपणा येतो तो इथून.

लवकर थांबवलं की मांडणी पोझची राहते आणि पुढचं काम मूळ मॉडेल प्रॉम्प्टवरून करतं. तोवर हात वर गेलेला असतो आणि उरलेल्या थोड्या नॉइजमध्ये तो खाली आणण्याइतकी मोकळीक मॉडेलला नसते. पण मनगट थोडं वळवायला, खांदा जरा उतरवायला, कापड लोंबू द्यायला पुरेशी मोकळीक असते. तुम्हाला हवी आहे ती एवढीच.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा एका मासिकाच्या वारी विशेषांकासाठी चित्र करायचं आहे: डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणारी, सहावारी नेसलेली वयस्कर बाई. दोन्ही हात वर, वृंदावनाला धरलेले. मागे पावसाळी आभाळ.

संदर्भासाठी घरातल्या कुणाला तरी डोक्यावर खोका घेऊन चालायला लावा आणि समोरून, जरा कोनातून फोटो घ्या. खोका वृंदावनाच्या मापाचा असू द्या. रिकामे हात वर करून फोटो काढला तर दोन मनगटांमधलं अंतर चुकतं. पोझ मॅपला वृंदावन माहीतच नसतं, त्याला फक्त मनगटं दिसतात. अंतर कमी पडलं तर मॉडेल वृंदावन तरी लहान करतं, नाहीतर हात त्याच्यातून आरपार काढतं.

बाकीच्या गोष्टी एकदा ठरवून टाका आणि हलवू नका: ५१२ × ७६८ आकार, ३० स्टेप, `DPM++ 2M` सॅम्पलर, वेट १, सुरुवात ०, सीड एकच. बदलायचा तो फक्त शेवटचा आकडा. ऑटोमॅटिक११११ मध्ये एकेक चित्र हाताने काढत बसू नका. खाली स्क्रिप्टमध्ये `X/Y/Z plot` निवडा, अक्षाला `[ControlNet] Guidance End` घ्या आणि पुढे हे लिहा:

```
1.0, 0.8, 0.6, 0.4, 0.2
```

३० स्टेपच्या हिशोबात पोझ मॅप अनुक्रमे ३०, २४, १८, १२ आणि ६ स्टेप लागू राहतो. पाच चित्रं शेजारी शेजारी येतील. चित्रं सीडगणिक वेगळी असतील, पण काय कुठल्या क्रमाने सैल होतं ते साधारण असंच दिसतं.

१.० ला पोझ तंतोतंत आणि साडी वाईट. मॅपमध्ये पायाच्या दोन वेगळ्या रेघा आहेत, त्यामुळे सहावारीचा घेर एकसंध पडत नाही. गुडघ्याच्या खाली कापड दोन नळ्यांसारखं फाटतं, कधी कधी सरळ पायजमाच दिसतो. पदर खांद्यावरून मोकळा पडत नाही, दंडाला चिकटून राहतो. चालणं थांबल्यासारखं वाटतं.

०.८ ला फार फरक नाही. निऱ्या थोड्या दिसू लागतात, खांदे तसेच. या टप्प्यावर ‘आकड्याचा काही उपयोग नाही’ म्हणून अनेकजण सोडून देतात. सोडू नका, खरा फरक याच्या खालीच सुरू होतो.

०.६ ला साडीचा घेर एक होतो. पुढच्या पायाचा गुडघा कापडातून नुसता जाणवतो. पदर वाऱ्याने किंवा चालीने जरा बाजूला जातो. मनगटं मूळ बिंदूंपासून किंचित सरकून वृंदावनाच्या कडेला टेकतात, कारण आता ‘वृंदावन धरलंय’ हे प्रॉम्प्ट ठरवतो आहे. पाठ वयाला शोभेल इतकी वाकते.

०.४ ला बाई अजून सुंदर आणि पोझ मात्र डळमळीत. एक हात वृंदावनाला, दुसरा कमरेकडे उतरलेला, असं बऱ्याच सीडवर होईल. काही कामांना हे चालतं. दोन्ही हात वरच हवे असतील तर चालत नाही.

०.२ ला सहा स्टेपमध्ये पोझचा फक्त ठसा उरतो: बाई चौकटीत कुठे उभी आहे आणि केवढी आहे. एवढंच हवं असेल तर हा आकडा वाईट नाही.

आता ०.५ ते ०.७ मध्ये आणखी दोन-तीन आकडे आणि तीन-चार वेगळे सीड चालवा. एकाच सीडवरून निकाल लावू नका. कधी कधी तो सीडच मुळात चांगला असतो आणि श्रेय आकड्याला मिळतं. माझं मत विचाराल तर कपडा सैल असलेल्या उभ्या किंवा चालत्या माणसासाठी ०.५५ ते ०.६५ मध्ये थांबा. लेझीम, कुस्ती, योगासनं यांसारखी अवघड, अवयव एकमेकांवरून जाणारी पोझ असेल तर ०.७ ते ०.८ वर राहा. तिथे मॉडेलला सोडलं की ते ओळखीच्या सोप्या पोझकडे परत जातं आणि तिसरा हात उगवतो.

कुठे चुकलं हे चित्रच सांगतं. कापड आणि खांदे आवळलेले, पार्श्वभूमी सपाट, पण सांधे बरोबर? उशिरा थांबलात. कापड छान, पण एखादा अवयव जागेवर नाही किंवा एक जादा आहे? लवकर थांबलात. सांधेही चुकीचे आणि कापडही ताठ? मग हा आकडा दोषी नाही, पोझ मॅप पुन्हा तपासा.

वेट कमी केलं तर तेच होत नाही का?

नाही. आणि सगळ्यात जास्त वेळ याच समजुतीत वाया जातो. वेट १ वरून ०.६ केलं तर पोझ पहिल्या स्टेपपासून कमजोर होते, म्हणजे जिथे ती घट्ट हवी तिथेच ती सैल पडते. आणि शेवटच्या स्टेपपर्यंत ती थोडी थोडी टोचत राहते, म्हणजे जिथे ती नको तिथेही असते. हात अर्धवट उचललेला आणि तरी पदर चिकटलेला, असं दोन्हीकडून तोट्याचं चित्र मिळतं.

शेवटचा आकडा कमी केला तर ठरलेल्या स्टेपपर्यंत पोझला पूर्ण अधिकार, त्यानंतर शून्य. म्हणून क्रम असा ठेवा: वेट १ वर राहू द्या, आधी शेवट ठरवा. शेवट ०.६ करूनही सांगाडा फार कडक वाटला तरच वेट ०.८५ ते ०.९ पर्यंत उतरवा. उलट ०.६ ला पोझ निसटत असेल, तर शेवट ०.७ करण्याआधी वेट १.१ करून बघा. काही वेळा तेवढ्याने भागतं आणि कापडाची मोकळीकही टिकते.

ऑटोमॅटिक११११ मधला `My prompt is more important` हा पर्यायही कंट्रोलनेटचा जोर कमी करतो, आणि तो सगळ्या स्टेपमध्ये करतो. तो लावून वर शेवटही ०.५ केलात तर एकाच गोष्टीवर दोनदा सूट दिल्यासारखं होतं आणि पोझ जाते. आकडा शोधत असताना `Balanced` वर राहा.

सुरुवातीचा आकडा

पोझसाठी तो ० ठेवा. मांडणी पहिल्या काही स्टेपमध्येच ठरते, सुरुवात ०.२ केली तर तोवर बाई हात खाली करून उभी राहिलेली असते आणि नंतर आलेला सांगाडा तिच्यावर हात चिकटवतो. चार हातांची चित्रं बऱ्याचदा इथूनच येतात. मांडणी तुमच्या प्रॉम्प्टची आणि पोझ फक्त इशाऱ्यापुरती, असं हवं असेल तर ०.०५ ते ०.१ पर्यंत जा. त्यापुढे पोझ मॅपसाठी जाऊ नका.

छुपे खर्च

पहिला खर्च मोठं चित्र करताना. ऑटोमॅटिक११११ मध्ये `Hires. fix` लावलं की दुसरी फेरी सुरू होते, आणि कंट्रोलनेट त्या फेरीतही नव्याने लागू होतं. पहिल्या फेरीत ०.६ ला सोडलेला सांगाडा दुसऱ्या फेरीत परत येतो आणि नुकत्या मोकळ्या झालेल्या साडीवर पुन्हा बसतो. लहान चित्र छान, मोठं चित्र ताठ, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. एक्स्टेन्शनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत `Hires-Fix Option` आहे, तिथे `Low res only` निवडा. तो पर्याय दिसत नसेल तर एक्स्टेन्शन अपडेट करा, किंवा लहान चित्र जपून ठेवा आणि मोठं करण्याचं काम कंट्रोलनेट बंद ठेवून वेगळं करा. दुसऱ्या फेरीला वेळही कमी लागेल.

दुसरा खर्च कम्फीयूआयवाल्यांना, तोही तयार चित्रावरून नवं चित्र करताना. कम्फीयूआय `end_percent` स्टेप मोजून लावत नाही. नॉइजच्या पूर्ण प्रवासात तुम्ही कुठे आहात, यावर लावतं. कोऱ्या चित्रापासून सुरुवात असेल तर फरक सहसा थोड्याच स्टेपचा पडतो, फार त्रास होत नाही. पण `denoise` ०.५ ठेवलंत तर प्रवास मुळात अर्ध्यावरूनच सुरू होतो. त्यात `end_percent` ०.५ असेल तर पोझची हद्द सुरू होताच संपलेली असते. पोझ लागत नाही, लाल चौकट येत नाही, चूक कळवणारा संदेशही येत नाही. अशा वेळी हिशोब करा: `denoise` ०.५ असताना उरलेल्या प्रवासाचा ६० टक्के भाग हवा असेल तर `end_percent` ०.८ लागतो. डिफ्यूझर्समध्ये हा हिशोब करावा लागत नाही, तिथे प्रत्यक्ष चालणाऱ्या स्टेप मोजल्या जातात. म्हणूनच एकाचा आकडा दुसऱ्यात तसाच उतरवून घेऊ नका. आणि तुमच्या नोडवर `end_percent` हा रकानाच नसेल तर तुम्ही जुना साधा नोड वापरताय; `start_percent` आणि `end_percent` असलेला `Apply ControlNet` घ्या. जुन्या वर्कफ्लोमध्ये त्याच्या नावापुढे `(Advanced)` लिहिलेलं दिसेल.

तिसरा खर्च कमी स्टेपच्या मॉडेलचा. एलसीएम किंवा टर्बो प्रकारात चार ते आठ स्टेपमध्ये चित्र होतं. डिफ्यूझर्समध्ये चार स्टेप असताना ०.५, ०.६ आणि ०.७ या तिन्ही आकड्यांचा अर्थ एकच निघतो: पहिल्या दोन स्टेप. आठ स्टेप असतील तर ०.६ म्हणजे चार. मधली छटा मिळतच नाही. अशा मॉडेलवर टक्क्यांत विचार सोडा, ‘किती स्टेप’ एवढंच ठरवा. बारीक ताबा हवा असेल तर २० ते ३० स्टेपच्या साध्या मॉडेलवर या.

सॅम्पलरचंही बघा. `Euler a` सारखे नावात `a` असलेले सॅम्पलर प्रत्येक स्टेपला नवी नॉइज टाकतात, त्यामुळे कंट्रोलनेट सोडल्यावर पोझ जास्त घसरते. `DPM++ 2M` वर जमलेला ०.५५ तिथे ०.६५ करावा लागला तर नवल नाही. आणि दोन कंट्रोलनेट लावले असतील, समजा पोझ आणि डेप्थ, तर प्रत्येकाचा शेवट वेगळा असतो. पोझ ०.६ ला सोडली आणि डेप्थ १ वरच राहिला तर चित्र मोकळं होणार नाही, कारण डेप्थ मॅपमध्ये फोटोतल्या माणसाची आख्खी बाह्यरेषा असते. डेप्थ पोझच्या आधी सोडा.

वेळ वाचतो का?

ऑटोमॅटिक११११ आणि कम्फीयूआयमध्ये वाचतो. हद्द संपली की उरलेल्या स्टेपला कंट्रोलनेट चालवलंच जात नाही, त्यामुळे त्या स्टेप हलक्या होतात. डिफ्यूझर्सच्या नेहमीच्या पाइपलाइनमध्ये मात्र वाचत नाही. तिथे कंट्रोलनेट शेवटपर्यंत चालतं, फक्त त्याच्या निकालाला शून्याने गुणलं जातं. चित्र बरोबर येतं, घड्याळ तेवढंच चालतं. तासाच्या भाड्यावर हजारो चित्रं काढायची असतील तर हा फरक बिलात दिसेल, आधीच धरून चाला. डिफ्यूझर्समध्ये हा आकडा असा द्या:

```python
image = pipe(
    prompt,
    image=pose_map,
    num_inference_steps=30,
    controlnet_conditioning_scale=1.0,
    control_guidance_start=0.0,
    control_guidance_end=0.6,
    generator=torch.Generator("cpu").manual_seed(21),
).images[0]
```

भाड्याच्या मशिनवर आणखी एक जपा: फाइली उतरत असताना आणि तुम्ही चहाला गेलेला असतानाही मीटर चालू असतं. आकडा शोधायचं काम घरच्या कार्डावर लहान आकारात करा, भाड्याचं मशिन ठरलेल्या आकड्याने शेवटची चित्रं काढायलाच घ्या.

कागदपत्रं

काम विकायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं मूळ ओपनपोझ बिगर-व्यावसायिक वापरासाठीच मोफत आहे, व्यावसायिक वापराचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. डीडब्ल्यूपोझ हा दुसरा सांगाडा काढणारा अपाची २.० परवान्यावर आहे. ऑटोमॅटिक११११ मध्ये तो `dw_openpose_full` या नावाने दिसतो. पैशाच्या कामाला तो वापरा, किंवा पोझ एडिटरमध्ये सांगाडा हाताने मांडा. आणि ज्याचा फोटो संदर्भाला घेतला त्याची संमती लेखी घ्या. सांगाड्यात चेहरा ओळखू येत नसला तरी फोटो तुमच्या संगणकावर राहतो.

झालेल्या चित्राची पीएनजी फाइल जपा. ऑटोमॅटिक११११ त्यात सीड, वेट, `Guidance Start` आणि `Guidance End` लिहून ठेवतं, `PNG Info` मध्ये टाकलं की परत मिळतं. कम्फीयूआय आख्खा वर्कफ्लो फाइलमध्ये ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलंत की हे सगळं गळून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पोझ मॅप मात्र पीएनजीच्या या नोंदीत हमखास सापडेल असं धरू नका, तो वेगळा सेव्ह करा.

बाहेरच्या कुणाकडून असं चित्र करून घेत असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी मागून घ्या: मूळ पीएनजी, पोझ मॅप, मॉडेलचं नाव आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं ते. पुढच्या अंकाला तीच बाई वेगळ्या साडीत हवी असेल तर या चार गोष्टींवर ते काम पुन्हा करता येतं. त्या नसतील तर शून्यापासूनचे पैसे मोजावे लागतील.